जिन्यात मांजरीने पिल्लं घातली तर

पिल्लं जिन्यात किंवा पार्किंगमधल्या गाडीखाली असली की दया येते, पण पिसवांचीही भीती वाटते. हाकलू नका, जागा बदला.

१. आई आसपास असेल तर पिल्लं लगेच उचलू नका. खायला शोधायला ती तास-दोन तास जातेच. एक पुठ्ठ्याचा खोका आडवा करून, आत जुनी सुती चादर घालून शेजारीच ठेवा. ती पिल्लं आत नेऊ लागली की खोका रोज थोडाथोडा जिन्याखालच्या कोपऱ्याकडे सरकवा. एकदम लांब नेलात तर ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडेच जाईल.

२. पिसवांची अंडी मांजराच्या अंगावर टिकत नाहीत, अंथरुणात आणि फरशीच्या फटीत गळून पडतात. म्हणून खरं काम चादरीचं. दोन चादरी ठेवा, दर तीन-चार दिवसांनी बदला आणि काढलेली गरम पाण्यात धुवा. भोवतालची जागा झाडून कचरा पिशवीत बांधून टाका. पिल्लांच्या अंगावर बारीक दातांची फणी फिरवून पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. काळे कण ओल्या कापसावर लालसर पसरले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिसवा आहेतच.

३. खाणं खोक्यापासून लांब ठेवा, नाहीतर मुंग्या येतात आणि शेजारीही.

गाडी चालू करण्याआधी खाली वाकून बघा, बॉनेटवर थाप मारा.

जपा: फिनाईल किंवा कुत्र्यांचं पिसवांचं औषध वापरू नका. कुत्र्यांच्या औषधात असणारं परमेथ्रिन मांजरांचा जीव घेऊ शकतं.