डेटा नॉर्मल नसताना दोन गटांचे विचरण समान आहे का, हे कसे तपासावे

दोन गटांची सरासरी सारखी असली, तरी एकातले आकडे सरासरीभोवती घट्ट जमलेले असतात आणि दुसऱ्यातले दूरवर पसरलेले असतात. हा पसरावातला फरक खरा आहे की योगायोगाचा, हे ठरवायला बहुतेक जण एफ चाचणी वापरतात. विचरण म्हणजे पसरावाचे माप; मोठ्या विचरणाला लहान विचरणाने भागायचे आणि तक्त्यात पाहायचे, इतकी ती सोपी आहे. अडचण अशी की हा तक्ता दोन्ही गट नॉर्मल वितरणातून आले आहेत असे धरून तयार केला आहे, आणि ती अट मोडली की चाचणीचे उत्तर फार वाईट रीतीने चुकते. अशा वेळी मी ब्राऊन-फॉर्साइथ चाचणी वापरतो. ती हातानेही करता येते, म्हणून इथे एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

आधी समजून घ्या: एफ चाचणी का फसते

नमुन्यातून काढलेले विचरण दर नमुन्यात थोडे वेगळे येते. दोन गटांच्या विचरणांतला फरक मोठा की किरकोळ, हे ठरवायचे तर विचरण एरवी स्वतःहून किती हलते ते ठाऊक हवे. हे हलणे वितरणाच्या शेपटांवर अवलंबून असते. शेपटे जड असली, म्हणजे अधूनमधून खूप लांबचा आकडा येत असला, तर त्या आकड्याच्या अंतराचा वर्ग विचरणात शिरतो आणि विचरण जोरात उसळते. शेपटांचे हे वजन कर्टोसिस या मापाने मोजतात. नॉर्मल वितरणापेक्षा ते किती जास्त, त्याला अतिरिक्त कर्टोसिस म्हणतात.

एफ चाचणी हे हलणे डेटातून मोजत नाही. अतिरिक्त कर्टोसिस शून्य आहे असे ती गृहीतच धरते. समजा, दोन गट एकाच घातांकी वितरणातून आले आहेत, म्हणजे विचरण खरोखर समान आहे. या वितरणाची अतिरिक्त कर्टोसिस ६ असते. ५ टक्के पातळीवर एफ चाचणीने शंभरातल्या पाच वेळाच खोटा इशारा द्यायला हवा. मोठ्या नमुन्यांत ती प्रत्यक्षात सुमारे ३३ वेळा देते. लाप्लास वितरणाची अतिरिक्त कर्टोसिस ३ आहे, तिथे हा आकडा २१-२२ च्या आसपास येतो. उलट, शेपटेच नसलेल्या एकसमान वितरणात चाचणी जवळपास मुकी होते आणि खोटे इशारे अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातात. कानाला हे बरे वाटते, पण खरा फरक पकडण्याची ताकदही त्याबरोबर जाते.

नमुना मोठा केल्याने हा दोष जात नाही. सरासरीच्या टी चाचणीला मोठा नमुना सावरून घेतो, त्या सवयीने लोक इथेही निर्धास्त राहतात. वर दिलेले ३३ टक्के मोठ्या नमुन्यांचेच आहेत. जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ मध्येच हा दोष स्पष्ट मांडला होता. अनेक गटांसाठी वापरली जाणारी बार्टलेट चाचणीही याच गृहीतकावर उभी आहे. तिच्यात गट वाढतील तसा दोष आणखी वाढतो.

पहिली पायरी: आकडे डोळ्यांनी पाहा

समजा, एकच काम करण्याच्या दोन पद्धती आहेत. प्रत्येक पद्धत दहा वेगवेगळ्या माणसांनी वापरली आणि लागलेली मिनिटे नोंदवली. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.

पद्धत अ: ४, ५, ५, ६, ६, ७, ७, ८, ९, १३
पद्धत ब: ३, ४, ५, ६, ६, ८, ९, १०, १२, २७

प्रत्येक गटाचा ठिपक्यांचा आलेख काढा. वेळेचे आकडे शून्याच्या खाली जाऊ शकत नाहीत, पण वर कितीही जाऊ शकतात. म्हणून उजवीकडे लांब शेपूट असणे अशा आकड्यांत नेहमीचेच आहे. इथेही तेच दिसते.

आधी नॉर्मलपणाची चाचणी करावी आणि ती उत्तीर्ण झाली तर एफ चाचणी वापरावी, असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. माझा त्याला विरोध आहे. दहा-पंधरा आकड्यांत नॉर्मलपणाच्या चाचणीला जड शेपटे बहुतेकदा दिसतच नाहीत, आणि एफ चाचणीला नेमकी तीच बाधतात. आकडे नॉर्मल असण्याला मोजमापाच्या स्वरूपातूनच काही ठोस कारण नसेल, तर थेट टिकाऊ, म्हणजे ही अट मोडली तरी न फसणाऱ्या, चाचणीकडे वळा.

दुसरी पायरी: एफ चाचणी काय म्हणते ते बघा, पण विश्वास ठेवू नका

अ ची सरासरी ७ आणि विचरण ६.६७. ब ची सरासरी ९ आणि विचरण ४७.७८. गुणोत्तर ७.१७ येते. दोन्हीकडे ९ स्वातंत्र्यकोटी धरून द्विपुच्छ पी-मूल्य सुमारे ०.००७ निघते. एफ चाचणीच्या हिशेबाने फरक पक्का आहे.

आता ब मधला २७ बाजूला ठेवून पाहा. उरलेल्या नऊ आकड्यांचे विचरण ८.७५ होते आणि गुणोत्तर १.३१ वर येते. म्हणजे ७.१७ हा आकडा जवळपास सगळा एका माणसाच्या २७ मिनिटांवर उभा आहे. याचा अर्थ २७ काढून टाकावा असा मुळीच नाही. ती खरी नोंद आहे आणि हिशेबात राहिलीच पाहिजे. एका आकड्यावर निकाल किती टेकला आहे, ते फक्त यातून कळते.

तिसरी पायरी: मध्यकापासूनची अंतरे काढा

प्रत्येक गटाचा मध्यक काढा आणि प्रत्येक आकडा त्यापासून किती दूर आहे ते चिन्ह सोडून लिहा. अ चा मध्यक ६.५ आहे, ब चा ७.

अ ची अंतरे: २.५, १.५, १.५, ०.५, ०.५, ०.५, ०.५, १.५, २.५, ६.५
ब ची अंतरे: ४, ३, २, १, १, १, २, ३, ५, २०

अ च्या अंतरांची सरासरी १.८, ब ची ४.२. पसरावाचा प्रश्न आता सरासरीच्या प्रश्नात बदलला: या दोन सरासऱ्यांतला फरक मोठा आहे का? हे तपासायला आपल्याकडे टी चाचणी आहेच. शिवाय आता अंतरे किती हलतात हे अंतरांवरूनच मोजले जाते. एफ चाचणी जे तक्त्यावरून धरून चालते, ते इथे डेटाला विचारले जाते.

अंतरे सरासरीऐवजी मध्यकापासून का घ्यायची? हॉवर्ड लेव्हिन यांची १९६० ची मूळ चाचणी गटाच्या सरासरीपासून अंतरे घेते. ब्राऊन आणि फॉर्साइथ यांनी १९७४ मध्ये मध्यकाचा पर्याय दिला. मध्यकाच्या दोन्ही बाजूंना सारखेच आकडे असतात. त्यामुळे मध्यक जरा सरकला, तर अर्धी अंतरे जेवढी वाढतात तेवढीच उरलेली कमी होतात, आणि मध्यक अंदाजाने काढल्याची चूक निकालात फारशी उतरत नाही. एका बाजूला कललेल्या वितरणात सरासरीच्या दोन्ही बाजूंना आकडे सारखे नसतात. तिथे ही चूक भरून निघत नाही आणि मूळ लेव्हिन चाचणी गरजेपेक्षा जास्त वेळा इशारा देते.

चौथी पायरी: अंतरांवर चाचणी करा

अ चे प्रत्येक अंतर त्यांच्या सरासरीपासून, म्हणजे १.८ पासून, किती दूर आहे ते काढून त्याचे वर्ग केले, तर त्यांची बेरीज ३०.१ येते. ब ची २९३.६. एकूण ३२३.७ ला १८ ने, म्हणजे २० आकडे वजा २ गट इतक्याने, भागले की १७.९८. दोन सरासऱ्यांत २.४ चा फरक आहे. त्याचा वर्ग ५.७६, त्याला ५ ने गुणले की २८.८. इथे ५ म्हणजे गटातल्या आकड्यांचा निम्मा आकडा. २८.८ ला १७.९८ ने भागले की १.६० मिळते. १ आणि १८ स्वातंत्र्यकोटींसाठी ५ टक्क्यांची मर्यादा ४.४१ आहे. आपले मूल्य तिच्या बरेच खाली आहे आणि पी-मूल्य ०.२२ च्या आसपास येते.

एफ चाचणीला पक्का वाटलेला फरक इथे पक्का उरत नाही. ब मधल्या २० या एका अंतरानेच अंतरांची हालचालही खूप वाढवली आहे, आणि ही चाचणी तिची नोंद घेते.

संगणकावर हेच आर मध्ये असे करता येते:

```r
a <- c(4,5,5,6,6,7,7,8,9,13)
b <- c(3,4,5,6,6,8,9,10,12,27)
var.test(b, a)
z <- c(abs(a - median(a)), abs(b - median(b)))
g <- factor(rep(c("a","b"), each = 10))
anova(lm(z ~ g))
```

पायथनमध्ये `scipy.stats.levene(a, b, center='median')` पुरते. एक्सेलमध्ये दोन रकान्यांत `ABS` आणि `MEDIAN` वापरून अंतरे काढा आणि त्यांवर `T.TEST` चालवा, शेवटचे दोन आकडे `2,2` ठेवून. दोनच गट असतील तर हे पी-मूल्य ब्राऊन-फॉर्साइथचेच असते. एक खबरदारी घ्या: ‘लेव्हिन’ नावाखाली काही प्रणाली सरासरीची आवृत्ती देतात, काही मध्यकाची. एसपीएसएसच्या टी चाचणीच्या तक्त्यात सरासरीची असते. आपल्या याच आकड्यांवर ती आवृत्ती २.३० देते, मध्यकाची १.६०. म्हणून कोणती वापरली ते लिहायला विसरू नका.

निकाल वाचताना

पी-मूल्य ०.२२ आले म्हणजे विचरण समान असल्याचे सिद्ध झाले, असे नाही. ब ची सरासरी अंतरे अ च्या दुपटीहून जास्त आहेत. दहा-दहा आकड्यांत एवढा फरकही योगायोगातून वेगळा काढता येत नाही, इतकेच हा निकाल सांगतो. लहान गटांत ही चाचणी मुळात सावध असते. विशेषतः गटात पाच किंवा सात असे विषम संख्येचे थोडेच आकडे असतील, तर मधला आकडा स्वतःच मध्यक होतो, त्याचे अंतर हमखास शून्य येते आणि ताकद आणखी घटते. कॉनोव्हर आणि दोघा सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अशा पन्नासहून अधिक चाचण्या पडताळल्या. टिकाऊपणा आणि ताकद दोन्ही सांभाळणाऱ्या मोजक्या चाचण्यांत मध्यकाची ही आवृत्ती होती. क्रमांकांवर चालणारी फ्लिग्नर-किलीन चाचणीही त्यांत होती. आर मध्ये ती `fligner.test` ने मिळते, आणि शेपटे फार जड असतील तर मी तिच्याकडेही पाहतो.

एक मर्यादा मात्र या सगळ्या चाचण्यांना सारखीच आहे. आकडे एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. त्याच दहा माणसांनी दोन्ही पद्धती वापरल्या असतील, तर वरचा हिशेब चालणार नाही. आणि विचरण तपासण्याचा हेतू फक्त पुढे कोणती टी चाचणी वापरायची हे ठरवणे असेल, तर ही पायरीच वगळा आणि समान विचरणाची अट नसलेली वेल्च टी चाचणी थेट वापरा.