एक्झिटच्या पानावरच्या या चुका टाळा: विक्री, बायबॅक आणि लिस्टिंगचा हिशेब

बिझनेस प्लॅनमधलं एक्झिटचं, म्हणजे गुंतवणूकदार आपले पैसे कसे काढून घेणार याचं, पान बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी आणि घाईत लिहिलं जातं. ‘पाच वर्षांत मोठ्या कंपनीकडून अधिग्रहण, बायबॅक किंवा आयपीओ’ एवढ्या एका ओळीत तीन वेगवेगळे रस्ते उरकले जातात. गुंतवणूकदार मात्र हे पान आकड्यांच्या तक्त्याशेजारी ठेवून वाचतो, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही की त्याचा उरलेल्या प्लॅनवरचाही विश्वास उडतो.

मेळ कसा बसवायचा ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. दवाखान्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करणारी एक कंपनी आहे. वर्षाची उलाढाल 6 कोटी. ती 5 कोटी उभे करते आणि त्या बदल्यात 20 टक्के हिस्सा देते, म्हणजे पैसे आल्यानंतरचं मूल्यांकन 25 कोटी.

चूक पहिली: आजचा हिस्सा शेवटपर्यंत टिकेल असं धरणं

पुढे आणखी दोन वेळा भांडवल उभारावं लागेल आणि दर वेळी 20 टक्के नवे शेअर जातील असं धरा. पहिल्या गुंतवणूकदाराचे 20 टक्के आधी 16 वर येतात आणि मग 12.8 वर. त्याला सहा वर्षांनी वर्षाला 25 टक्के परतावा हवा असेल, तर 5 कोटींचे सुमारे 19 कोटी व्हायला हवेत. 12.8 टक्क्यांत 19 कोटी बसवायचे तर कंपनी साधारण 149 कोटींना विकली गेली पाहिजे.

आता उलट्या दिशेने या. अशा कंपन्या उलाढालीच्या तिप्पट किमतीला जातात असं गृहीत धरलं, तर सहाव्या वर्षी उलाढाल जवळपास 50 कोटी लागेल. 6 वरून 50 म्हणजे सलग सहा वर्षं दरसाल 42 टक्क्यांची वाढ. तुमच्या तक्त्यात सहाव्या वर्षी 30 कोटीच दिसत असतील, तर 149 कोटींच्या विक्रीचा अर्थ उलाढालीच्या पाचपट किंमत असा होतो. मग एकतर पाचपट का मिळेल याचे प्रत्यक्ष झालेले व्यवहार दाखवा, किंवा अपेक्षा खाली आणा. बाजारात नोंदलेल्या बड्या कंपन्यांचे गुणोत्तर उचलून इथे लावू नका. त्यांचे शेअर रोज विकता येतात, तुमचे येत नाहीत, म्हणून तुमच्या किमतीतून काहीतरी वजा होणारच.

चूक दुसरी: विक्रीची रक्कम हिश्श्याच्या प्रमाणात वाटणं

या चुकीचा फटका सर्वांत मोठा असतो. समजा पुढच्या दोन फेऱ्यांत 10 आणि 20 कोटी आले, आणि प्रत्येक गुंतवणूकदाराला आपलं मुद्दल आधी काढून घेण्याचा किंवा त्याऐवजी हिश्श्याप्रमाणे वाटा घेण्याचा हक्क आहे. शेवटी आलेल्याचा नंबर पहिला. कंपनी 149 कोटींना गेली तर सगळ्यांना हिस्साच परवडतो, गोंधळ होत नाही. पण ती 60 कोटींना गेली तर?

शेवटच्या फेरीचा हिस्सा 20 टक्के, म्हणजे 12 कोटी. तो अर्थातच आपले 20 कोटी मुद्दल घेईल. उरले 40. दुसऱ्या फेरीला उरलेल्यातून 8 कोटी येतात, म्हणून तोही मुद्दलाचे 10 कोटी उचलेल. उरले 30. त्यात पहिल्या गुंतवणूकदाराचा वाटा 6 कोटी आणि संस्थापकांचा 24. तक्त्यात मात्र पहिल्यासमोर 60 चे 12.8 टक्के, म्हणजे 7.68 कोटी छापलेले असतात. कर्ज आणि सल्लागारांची फी यात अजून धरलेलीच नाही. एक्झिटच्या पानावर किमान तीन किमतींना कोणाच्या हातात किती येतं ते दाखवा, आणि त्यातली एक किंमत मुद्दाम निराशाजनक ठेवा.

खरेदीदारांच्या यादीचंही असंच होतं. जगातल्या पाच सर्वांत मोठ्या कंपन्यांची नावं लिहिली की यादी झाली, असं समजलं जातं. त्यापेक्षा दवाखान्यांना आधीच औषधसाठ्याचं किंवा तपासणी-अहवालाचं सॉफ्टवेअर विकणारी मध्यम कंपनी खरी वाटते, कारण तुमचे ग्राहक तिला आयते मिळतात. तिने याआधी काही विकत घेतलंय का, तेही पाहा. एखाद्या कॉर्पोरेट गुंतवणूकदाराला ‘पहिली बोली आमची’ असा हक्क देऊन बसला असाल तर तो नक्की नमूद करा. त्या हक्कामुळे बाकीचे खरेदीदार तुमच्या कंपनीच्या तपासणीवर पैसा घालायला कचरतात.

किंमत ठरली तरी सगळी रक्कम विक्रीच्या दिवशी मिळत नाही. काही भाग दाव्यांसाठी एस्क्रोत, म्हणजे तिसऱ्या पक्षाच्या खात्यात, अडकतो आणि काही पुढच्या वर्षांच्या कामगिरीवर अवलंबून ठेवला जातो. फ्रीलान्सरांनी लिहिलेल्या कोडचे हक्क लेखी कंपनीच्या नावावर नसतील, तर सौदा इथेच अडतो.

चूक तिसरी: बायबॅकचं वचन देणं, पैसे कुठून येणार हे न सांगणं

‘पाचव्या वर्षी 20 टक्के परताव्याने शेअर परत घेऊ’ हे वाक्य वाचायला सुरक्षित वाटतं. 5 कोटींवर वर्षाला 20 टक्के म्हणजे पाच वर्षांनी सुमारे 12.4 कोटी. आपल्या उदाहरणात 42 टक्के वाढीने पाचव्या वर्षी उलाढाल 35 कोटी असेल, आणि दहा टक्के निव्वळ नफा धरला तर 3.5 कोटी. पण त्या वर्षी उलाढाल आधीच्या वर्षापेक्षा दहा कोटींहून जास्त वाढलेली असते. ग्राहक साठ दिवसांनी पैसे देत असतील तर त्या वाढीपायी सुमारे 1.7 कोटी नव्या येण्यांत अडकतात. हातात उरतात 1.8 कोटी. त्या वेगाने बायबॅकला जवळपास सात वर्षं लागतील, तीही दुसरं काहीही न करता. वेगाने वाढणाऱ्या कंपनीकडे बायबॅकइतकी रोकड सहसा नसतेच.

शिवाय कंपनीने स्वतःचे शेअर कशातून आणि किती घ्यायचे यावर कायद्याच्या मर्यादा असतात, कर्ज देणाऱ्या बँकेची परवानगी लागू शकते, आणि नंतर आलेला गुंतवणूकदार आपल्या आधी कोणाला पैसे जाऊ देत नाही. बायबॅक शोभतो तो हळू वाढणाऱ्या, नियमित रोकड देणाऱ्या आणि पुढे भांडवल न उभारणाऱ्या व्यवसायाला. तिथेही ठरावीक परताव्याऐवजी किंमत काढायचं सूत्र आणि तीन-चार वर्षांचे हप्ते लिहा, आणि हप्ता चुकला तर काय होईल तेही.

चूक चौथी: लिस्टिंग म्हणजे पैसे हातात

शेअर बाजारात नाव लागल्यावर जुन्या भागधारकांना ठरावीक काळ, अनेकदा सहा महिने, विक्री करता येत नाही. त्यानंतरही घेणारे हवेत. 150 कोटींच्या छोट्या कंपनीत रोज 20 लाखांचे व्यवहार होत असतील आणि भाव न पाडता त्याचा पाचवा भाग विकता येत असेल, तर दिवसाला 4 लाख. आपल्या गुंतवणूकदाराचे 19 कोटी सुटायला जवळपास 480 व्यवहाराचे दिवस, म्हणजे दोन वर्षं. त्याचा फंड दहा वर्षांचा असेल आणि त्यातली चार तुमच्याकडे येण्याआधीच संपली असतील, तर सहा वर्षं वाट पाहून ही दोन तो कुठून आणणार? आयपीओ लिहायचाच असेल तर अटीसह लिहा: इतकी उलाढाल, इतक्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, त्याआधी विचार नाही.

या कंपनीच्या पानावर मग असा मजकूर शोभेल: ‘मुख्य मार्ग विक्री, पाचव्या ते सातव्या वर्षी, दवाखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या मध्यम कंपनीला. अपेक्षित उलाढाल 30 ते 50 कोटी, किंमत उलाढालीच्या दोन ते तीनपट. 60, 100 आणि 149 कोटींना होणारं वाटप सोबतच्या तक्त्यात. पुढची फेरी उभारली नाही तरच बायबॅकचा विचार, हप्त्यांनी. लिस्टिंग या मुदतीत गृहीत धरलेली नाही.’