व्हिडिओ तपासणीचा मेसेज असा पाठवा

हिंगोली-परभणीकडच्या खेड्यातल्या पेशंटला नुसती लिंक पाठवली की ऐन वेळी कॅमेरा तरी चालत नाही, नाहीतर रेंज तरी जाते. आदल्या संध्याकाळीच असा मेसेज टाका (लिंक तेव्हा उघडते ना, हे आधी स्वतः पाहा):

"उद्या सकाळी 11 वाजता डॉक्टर व्हिडिओवर बोलतील.
1. उद्या जिथं बसणार तिथूनच आज लिंक उघडा. कॅमेरा, माइक विचारला की Allow दाबा. स्वतःचा चेहरा दिसला की झालं.
2. नाही दिसला तर लिंक कॉपी करून Chrome मध्ये उघडा.
3. उद्या 11:05 पर्यंत आवाज आला नाही तर लिंक बंद करा. दवाखान्याच्या (इथे नंबर) नंबरवरून साधा फोन येईल. तुम्ही लावू नका."

शेवटचं वाक्य गाळू नका. दोघंही एकमेकांना लावत बसले की दोन्हीकडे फोन बिझीच लागतो. नंबरही हवाच, कारण अनोळखी नंबर म्हातारी माणसं उचलत नाहीत. पुरळ किंवा जखम असेल तर फोटो आधीच मागवा, साध्या फोनवर ती दिसणार नाही.

छातीत दुखत असेल, धाप लागली असेल तर लिंकची वाट न पाहता 108 ला फोन करा, हेही त्याच मेसेजमध्ये ठळक लिहा.