अरबी बातम्यांचे मथळे वाचताना या चुका टाळा

अरबी मथळ्यात आधी क्रियापद शोधू नये, कारण पुष्कळदा ते तेथे नसतेच. ‘इर्तिफाअ असआर अन-नफ्त’ या मथळ्याचा शब्दशः अर्थ ‘तेलाच्या किमतींची वाढ’ एवढाच होतो; समजून घ्यायचे असते ते ‘तेलाच्या किमती वाढल्या’ असे. क्रियापदाचे काम येथे मसदर, म्हणजे क्रियावाचक नाम, करते आणि पुढची नामे त्याला षष्ठीच्या नात्याने जोडलेली असतात. या साखळीला इदाफा म्हणतात. तिच्यात ‘अल’ हे उपपद केवळ शेवटच्या नामाला लागत असल्यामुळे, ते दिसेपर्यंत वाक्प्रयोग पुरा झाला असे मानू नये.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो मसदरापुढचे नाम कर्ता की कर्म, हे ठरवताना. ‘इस्तिकालत अल-वझीर’ म्हणजे मंत्र्याचा राजीनामा. येथे मंत्री कर्ता आहे. ‘इग्तियाल अल-वझीर’ म्हणजे मंत्र्याची हत्या. येथे तोच मंत्री कर्म झाला आहे. रचना एकच असल्याने निर्णय मूळ धातूवर अवलंबून राहतो: धातू अकर्मक असेल तर पुढचे नाम कर्ता असते, सकर्मक असेल आणि पुढे एकच नाम असेल तर ते बहुधा कर्म असते.

‘रफ्अ’ हा शब्द तर विशेष जपून वाचावा. ‘रफ्अ अल-उजूर’ म्हणजे वेतनवाढ करणे, परंतु ‘रफ्अ अल-उकूबात’ म्हणजे निर्बंध उठवणे आणि ‘रफ्अ अद-दअम’ म्हणजे अनुदान काढून घेणे. पुढचे नाम रक्कम किंवा दर दर्शवत असेल तर ‘वाढवणे’ आणि बंधन किंवा सवलत दर्शवत असेल तर ‘उठवणे’ हा अर्थ घ्यावा. अनुदानाच्या बातमीत ही चूक झाली, तर सरकारचा निर्णय नेमका उलटा समजतो.

मथळ्यात क्रियापद आलेच, तर ते सहसा कर्त्यानंतर आणि वर्तमानकाळी रूपात येते. इजिप्तच्या मध्यवर्ती बँकेने 6 मार्च 2024 रोजी व्याजदर वाढवले. अशी बातमी मथळ्यात ‘अल-मर्कझी अल-मिस्री यरफउ असआर अल-फाइदा’ अशी मांडली जाते. ‘यरफउ’ वर्तमानकाळी असले तरी निर्णय होऊन गेलेला असतो. बातमीचे पहिले वाक्य मात्र ‘कर्ररत’, म्हणजे ‘ठरवले’, अशा भूतकाळी क्रियापदाने सुरू होते. मथळ्याबद्दल शंका असेल तेव्हा कर्ता, कर्म आणि काळ या वाक्यातच पडताळावेत.

आकड्यांपाशी ‘बि’ आणि ‘इला’ ही अव्यये पाहावीत. त्या दिवशीची वाढ ‘बि’ 600 आधारबिंदूंची, म्हणजे सहा टक्केबिंदूंची होती, आणि एका रात्रीच्या ठेवींवरील दर ‘इला’ 27.25 टक्के, म्हणजे तेथपर्यंत, गेला. ‘बि’ फरक सांगतो आणि ‘इला’ नवी पातळी सांगतो.