पडलेल्या तिमाहीनंतर टीमशी बोलण्याआधी

विक्रीचं टार्गेट हुकल्यावर टीमसमोर करायचं भाषण लिहायला बसण्याआधी कॅलेंडर उघडा. नव्या तिमाहीचे आठवडे १३. तुमच्याकडे पहिल्या भेटीपासून ऑर्डर हातात पडेपर्यंत साधारण १० आठवडे लागत असतील, तर याच तिमाहीत मोजली जाईल अशी नवी ऑर्डर पहिल्या तीन आठवड्यांत सुरू झालेली असायला हवी. त्यानंतर सापडलेला ग्राहक बहुतेक पुढच्या तिमाहीच्या खात्यात जातो. म्हणून बोलणं पहिल्याच आठवड्यात ठेवा, आणि सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी ठेवलंत तर लोक ते घरी नेतात आणि दोन दिवस त्याचंच रवंथ करतात.

मग तूट फोडायला घ्या. 'आपण ६८ टक्क्यांवर थांबलो' हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, त्यासाठी कुणाला खोलीत बोलवायची गरज नाही. समजा आठ जणांची टीम आहे, टार्गेट ४० ऑर्डरींचं होतं आणि २७ आल्या. या १३ कुठे गेल्या ते एकेक करून बघायचं. आपल्या उदाहरणात ५ पुढे सरकल्या, म्हणजे ग्राहक अजून आहे पण सही झाली नाही. ३ दुसऱ्याने नेल्या. उरलेल्या ५ कधी नव्हत्याच: टार्गेट ठरलं तेव्हा त्यांच्यामागे एकही खरा ग्राहक उभा नव्हता. या तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत, आणि 'आता सगळ्यांनी जोर लावा' हे त्यांपैकी कशाचंही औषध नाही.

सरकलेल्या पाचांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण सवय तिथेच दिसते. प्रत्येकाची नोंद उघडून शेवटचं संभाषण कुणाशी झालं ते वाचा. पाचांपैकी चार ठिकाणी बोलणं फक्त माल वापरणाऱ्या विभागाच्या प्रमुखाशी झालेलं आढळलं, आणि पैसे मंजूर करणाऱ्या माणसाला आपल्याकडचं कुणी एकदाही भेटलेलं नाही असं निघालं, तर भाषणातला एक मुद्दा तुमच्या हातात आला. गेलेल्या तिघांच्या पुढे 'किंमत जास्त' असं कारण भरलेलं असेल; त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. तो रकाना भरायला सगळ्यात सोपं उत्तर तेच असतं. दोघा ग्राहकांना स्वतः फोन करा. 'ऑर्डर परत मागत नाही, फक्त समजून घ्यायचंय,' एवढं म्हटलं की लोक बऱ्यापैकी खरं सांगतात.

आता पुढचा हिशोब. सिस्टीममध्ये ८० संधी उघड्या दिसतायत म्हणून खूश होऊ नका. ज्यांच्याशी महिनाभर बोलणं झालेलं नाही आणि ज्यांची तारीख तीनदा पुढे ढकललीय, त्या बाजूला काढा. समजा २६ निघाल्या, राहिल्या ५४. तुमच्याकडे तिनातली एक पदरात पडत असेल तर त्यातून १८ येतील. सरकलेल्या पाचांतून ३ धरा. झाल्या २१. टीम सध्या माणशी आठवड्याला सरासरी दीड नवी संधी उघडते, म्हणजे तीन आठवड्यांत ३६, त्यातून १२ ऑर्डरी. बेरीज ३३. दीडच्या जागी दोन झाल्या तर ४८ संधी, १६ ऑर्डरी आणि बेरीज ३७. टार्गेट पुन्हा ४० असेल तर हा कागद घेऊन आधी वरच्यांकडे जा, आणि जुन्या १३ नव्या टार्गेटवर चढवल्या जाणार आहेत का हेही तिथेच विचारून घ्या. टीमसमोर ५३ म्हणायची वेळ आली तर पुढचं कुणी ऐकणार नाही.

या हिशोबातून प्राधान्यं आपोआप निघतात, आणि दोनच निघतात. पहिले तीन आठवडे माणशी आठवड्याला दोन नव्या संधी. आणि प्रस्ताव गेलेल्या प्रत्येक ठिकाणी मंजुरी देणाऱ्या माणसाची भेट. तिसरं सुचलं तरी लिहू नका. त्याऐवजी या तीन आठवड्यांत काय बंद राहील ते लिहा, कारण वेळ कुठून तरी काढावाच लागेल. रोजचा संध्याकाळचा रिपोर्ट किंवा कुणीच वाचत नाही असा एक्सेल बंद करा. ती गोष्ट बंद करायचा अधिकार तुमचा आहे ना, याची मात्र आधी खात्री करा.

तुमची स्वतःची चूक एका वाक्यात, नेमकी लिहा. 'कुठेतरी मीही कमी पडलो' हे कुणाच्याही तोंडी खपेल. 'पहिल्याच महिन्यात मी दोघांना दुसऱ्या प्रॉडक्टवर हलवलं, त्यामुळे नव्या भेटी घटल्या' यात काहीतरी सांगितलंय. एवढं बोलून पुढे सरका. स्वतःला कोसत बसलात तर टीमलाच तुमची समजूत घालावी लागते.

आदल्या दिवशी दोघांना वेगवेगळं भेटा: ज्याचा आकडा सगळ्यात खाली आहे तो आणि ज्याचा सगळ्यात वर आहे तो. खालच्याला सांगा की उद्या कुणाचं नाव घेतलं जाणार नाही, आणि मग खरंच घेऊ नका. नावांचा तक्ता पडद्यावर लावणं हेही नाव घेणंच आहे. वरच्याला दोन्ही प्राधान्यं दाखवा आणि त्यात काय जमणार नाही ते विचारा. माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी दुरुस्ती इथूनच येते.

प्रश्न ठरलेले असतात: इन्सेन्टिव्हचं काय, कुणाला काढणार का, आणि जास्तीचा डिस्काउंट मिळेल का. पहिल्या दोन्हींची उत्तरं एचआरकडून आधी घेऊन ठेवा. ठरलं नसेल तर 'ठरलेलं नाही, अमुक तारखेला सांगतो' एवढंच म्हणा आणि ती तारीख पाळा. डिस्काउंटचं उत्तर सरकलेल्या ऑर्डरींत आहे: सही करणाऱ्याला कुणी भेटलंच नसेल, तर किंमत उतरवून ती सही येत नाही.

बोलणं बारा मिनिटांत बसवा आणि घड्याळ लावून एकदा मोठ्याने म्हणून बघा. मी एकदा बावीस स्लाइड घेऊन चाळीस मिनिटं बोललो होतो. शेवटी मागच्या रांगेतल्या एका पोराने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "सर, मग उद्या सकाळी मी फोन कुणाला करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी पडद्यावर एकच पान ठेवतो: १३ची फोड वर आणि दोन प्राधान्यं खाली.

खोलीत जाण्याआधी शेवटचं काम. त्याच दिवशी दुपारी प्रत्येकासोबत पंधरा मिनिटं अशा आठ भेटी कॅलेंडरवर टाका. आठ जणांच्या आठ प्रिंट काढा, प्रत्येकीवर त्या माणसाच्या स्वच्छ केलेल्या यादीतल्या संधी आणि प्रत्येकीपुढे एक मोकळा रकाना: मंजुरी देणाऱ्याचं नाव. पेन सोबत न्या. नाव ठाऊक नसेल तर रकाना रिकामाच राहू द्या, आणि तिथे पहिला फोन कधी करणार ती तारीख त्याच्याच हाताने लिहून घ्या.