फोटोतलं कोडं दुसऱ्या भाषेत कसं न्यावं

‘नदी उलटली, गरीब झाली (२).’

एका जुन्या दिवाळी अंकातल्या कोड्यांच्या पानाचा फोटो माझ्या बहिणीने घरच्या ग्रुपवर टाकला. त्या पानावर अर्धं शब्दकोडं होतं आणि अर्धी पद्यातली कोडी. भावाची मुलं टोरांटोत वाढलेली, त्यांना मराठी कळतं पण वाचता येत नाही. भाच्याची बायको धारवाडची, तिची भाषा कन्नड. दोघांकडूनही मला एकच निरोप आला, की आम्हालाही सांगा. मी वरच्या ओळीचं सरळ भाषांतर करून पाठवलं. त्यात नदी होती, उलटणं होतं, गरिबी होती, पण कोडं काही उरलं नव्हतं. त्या पानावर पुढचे काही दिवस मी बसले. तेव्हापासून मी हे काम ज्या क्रमाने करते, तो इथे देते.

आधी फोटो अक्षर न् अक्षर उतरवून घ्या

भाषांतराचा विचार नंतर. आधी कागद-पेन घेऊन सूचना फोटोत आहे तशी लिहून काढा. तिचा आकडा, ती आडव्या शब्दांतली की उभ्या, कंसातली अक्षरसंख्या, सगळं घ्या. कडेचा भाग कापला गेला असेल तर फोटो पुन्हा मागवा, अंदाजाने पूर्ण करू नका. पाठवणाऱ्याला एवढंच सांगा: पान खिडकीपाशी सपाट ठेव, घडीवर हात फिरव, फोन पानाच्या बरोबर वर धर आणि गुळगुळीत कागद असेल तर फ्लॅश बंद कर.

याच पानावर मला एक सूचना ‘भाडे (३)’ अशी दिसली. भाड्याला तीन अक्षरी शब्द शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली. दुसरा फोटो आला तेव्हा कळलं, की पानाची घडी नेमकी अनुस्वारावरून गेली होती. सूचना होती ‘भांडे’ आणि उत्तर ‘पातेले’. फोटोत सगळ्यात आधी हरवतात ती अशी टिंबं. त्यानंतर घ आणि ध, भ आणि म, व आणि ब यांची गफलत होते. एरवीच्या मजकुरात अशी चूक मागच्यापुढच्या वाक्यावरून सुधारून घेता येते. कोड्यात मात्र प्रत्येक अक्षर भार वाहत असतं आणि आजूबाजूला आधार नसतो. म्हणून ज्या अक्षराची खात्री नाही त्याखाली रेघ मारून ठेवा. उत्तर जमेना की आधी त्या रेघेकडे परत जा.

मग कोडं सोडवा

न सुटलेल्या कोड्याचं भाषांतर करायला जाऊ नये, कारण त्यातला कुठला शब्द कामाचा आणि कुठला नुसता सजावटीचा हे उत्तर हातात असल्याशिवाय कळत नाही. मराठी शब्दकोड्यात एका चौकोनात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच चौकोन, म्हणून ‘पुस्तक’ तीन चौकोनांचं. मागच्या कोड्याची उत्तरं बहुतेक वेळा तळाशी उलटी छापलेली असतात. फोटोत ती आली असतील तर फोटो फिरवून आपल्या कोड्याची तर नाहीत ना, ते पाहा.

‘नदी’ अक्षरांनी उलटी वाचली की ‘दीन’ होते, आणि दीन म्हणजे गरीब. इथे वेलांटी नीट पाहा. नदीतली ‘दी’ दीर्घ आहे म्हणून उत्तर ‘दीन’ येतं. ती ऱ्हस्व असती तर ‘दिन’ म्हणजे दिवस आला असता. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

शब्द बदलून पाहा

कोडं भाषांतराला दाद देईल की नाही, हे तपासायची माझी एक सोपी रीत आहे. सूचनेतल्या शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा मराठी शब्द ठेवायचा. उत्तर टिकलं तर कोडं अर्थावर उभं आहे, ते दुसऱ्या भाषेत जाईल. उत्तर कोसळलं तर तो शब्द कुलपात आहे.

‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ हे आजीच्या तोंडचं कोडं घ्या. सुपाऐवजी परात म्हणा, रुपयाऐवजी नाणं म्हणा, उत्तर चांदण्या आणि चंद्र हेच राहतं. हे चित्रावर चालणारं कोडं आहे. ते नेताना फक्त समोरच्याला ती वस्तू ठाऊक हवी. लाह्यांचं मी पॉपकॉर्न केलं तेव्हा टोरांटोच्या धाकट्याला सिनेमा आठवला. मग ‘काळ्या ताटात’ असे दोन शब्द घातले आणि त्याला आकाश दिसलं.

आता नदीच्या जागी ‘सरिता’ ठेवा. उलटलं की ‘तारिस’, आणि कोडं संपलं. इथे नदी हा अर्थ नाही, ती दोन अक्षरं आहेत.

समजावायचं आहे की खेळायला द्यायचं आहे, ते ठरवा

ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाच ओळीत दोन्ही करायला गेलं की दोन्ही बिघडतात. समजावून सांगायचं असेल तर मूळ मराठी शब्द आहेत तसेच ठेवा, समोरच्याला वाचता येईल अशा लिपीत. त्याखाली शब्दशः अर्थ लिहा, मग अक्षरांचं काय होतं ते, आणि शेवटी उत्तर. नदीसाठी ते असं झालं: ‘न-दी’ म्हणजे पाणी वाहतं ती, उलट वाचा, ‘दी-न’, दीन म्हणजे गरीब. मराठी न वाचणाऱ्या माणसालाही मग त्यातली करामत दिसते.

शब्दकोड्यातल्या सूचनांसाठी मी एवढंच करते, कारण तिथे नवीन सूचना रचून उपयोग नसतो. दीनमधला ‘न’ दुसऱ्या उभ्या शब्दाचाही भाग असतो. दुसऱ्या भाषेत उत्तराची लांबी बदलली की तो चौकोन आणि त्याला छेदणारा शब्द, दोन्ही हातचे जातात. पूर्ण चौकट नव्याने आखायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं. सुटी कोडी मात्र नव्याने रचता येतात.

रचायचं असेल तर काय सोडायचं ते ठरवा

कोड्यात तीन गोष्टी असतात: उत्तर, युक्ती आणि चित्र. तिन्ही क्वचितच एकत्र नेता येतात. त्या पानावरचं हे कोडं पाहा:

तीन अक्षरी माझं नाव, माझ्या काठी खारं गाव.
डोकं उडवा, फणसात सापडतो;
पोट काढा, भातावर पडतो;
पाय तोडा, तरी रानात उभा राहतो.

उत्तर ‘सागर’. पहिलं अक्षर गेलं की गर, मधलं गेलं की सार, शेवटचं गेलं की साग.

हिंदीत नेताना गंमत होते. सागर तोच, अक्षरंही तीच, पण तुकड्यांचे अर्थ बदलतात. हिंदीत साग म्हणजे पालेभाजी, सार म्हणजे तात्पर्य आणि गर म्हणजे शेरोशायरीतलं ‘जर’. म्हणजे युक्ती आणि उत्तर जसंच्या तसं ठेवून फणस, भात आणि रान ही तिन्ही चित्रं बदलावी लागतात. जवळच्या भाषेत हाच धोका असतो. शब्द ओळखीचा वाटतो आणि आपण जुनीच ओळ ठेवून देतो.

इंग्रजीत अक्षरांचा हिशोबच वेगळा. आपल्याकडे ‘दी’ हा एकच तुकडा हलतो, स्वर त्याला चिकटलेला. तिकडे व्यंजन आणि स्वर सुटे सुटे हलतात. त्यामुळे मी दोन वाटा धरून पाहिल्या. पहिलीत उत्तर राखलं: समुद्राला तिकडे ‘ओशन’, अक्षरं ओ, सी, ई, ए, एन. हीच पाच अक्षरं फिरवली की ‘कनू’ ही छोटी होडी होते. होडी फुटली आणि तिचा समुद्र झाला, असं सुंदर चित्र मिळतं, पण डोकं-पोट-पाय कापण्याचा खेळ जातो. दुसरीत खेळ राखला आणि उत्तर सोडलं: ‘बोट’, म्हणजे बी, ओ, ए, टी. पहिलं अक्षर काढा, ओट हे धान्य उरतं. दुसरं काढा, बॅट, म्हणजे वटवाघूळ. शेवटचं काढा, बोआ हा मोठा साप. मुलांना मी दुसरं पाठवलं, कारण मूळ कोड्याची मजा कापाकापीत आहे आणि होडीमुळे पाणीही थोडं राहतं. मोठ्यांसाठी असतं तर पहिलं निवडलं असतं.

भाच्याच्या बायकोसाठी नदीवर मी बराच वेळ घालवला आणि उत्तर तिनेच दिलं. तिने कागदावर कन्नडमध्ये ‘नदि’ लिहिलं. कन्नडमध्ये ती वेलांटी ऱ्हस्व आहे. अक्षरं उलटली, ‘दिन’ झालं. म्हणजे तिच्या भाषेत उलटलेली नदी गरीब होत नाही, तिचा दिवस होतो. तिची सूचना तयार झाली: ‘नदी उलटली, उजाडलं.’ ज्या लिप्या आपल्यासारख्या अक्षराअक्षराने चालतात, तिथे आधी मूळ युक्तीच करून पाहावी ती यासाठी.

उत्तर न सांगता एकाला देऊन पाहा

स्वतः रचलेलं कोडं स्वतःला नेहमीच बरोबर वाटतं. पानावर एक सूचना होती: ‘मांडवात उभा, पण खाली नाही (२)’. उत्तर ‘वर’, म्हणजे नवरदेव, आणि खालीच्या उलट वर. इंग्रजीत दुसरा अर्थ जुळत नाही, पण नवरदेवाला तिकडे ‘ग्रूम’ म्हणतात आणि घोड्याला खरारा करणाऱ्या माणसालाही ग्रूमच. चौकट सोडून सुटं कोडं म्हणून मी लिहिलं: ‘लग्नात असतो, घोड्यापाशीही असतो, पाच अक्षरं.’ थोरल्या भाचीने लगेच उत्तर पाठवलं: ‘हॉर्स’. वरातीचे व्हिडिओ तिने पाहिलेले. घोडा लग्नात असतोच, आणि इंग्रजीत त्याची अक्षरंही बरोबर पाच. तिचं उत्तर सूचनेला पुरेपूर बसत होतं, म्हणजे चूक माझ्या सूचनेची होती.

मी घोडाच काढून टाकला. ‘तबेल्यात खरारा करतो, मांडवात हार घालतो, पाच अक्षरं.’ हे तिच्या धाकट्या भावाला दिलं, तिला गप्प बसायला सांगून. त्याने विचारलं, खरारा करणारा आणि हार घालणारा माणूस एकच का? मी म्हटलं, शब्द एकच आहे. पाच मिनिटांनी ‘ग्रूम’ आलं.