गादीला ऊन दाखवलं तरी सकाळच्या शिंका का थांबत नाहीत

पावसाळ्यानंतर आपण गाद्या-उशा गच्चीत टाकतो, ते चांगलंच आहे, कारण गादीत राहणारा बारीक किडा, म्हणजे डस्ट माइट, पाणी पीत नाही, हवेतला दमटपणा अंगात शोषून जगतो, त्यामुळे कडक उन्हात सुकून मरतो. पण अ‍ॅलर्जी जिवंत किड्याची नसते हो, मुख्यतः त्याच्या विष्ठेची असते. आपल्या अंगाचा कोंडा खाऊन तो जे बारीक दाणे टाकतो त्यात पचनाचे एन्झाइम असतात, ते नाकात-श्वासनलिकेत गेले की आतलं अस्तर दुखावतं आणि ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला शिंका, नाहीतर दम्याची धाप. किडा मेला तरी हे दाणे गादीतच!

म्हणून उन्हानंतर धुणं महत्त्वाचं. चादरी, अभ्रे, गोधडी आठवड्यातून एकदा ६० डिग्रीच्या पाण्यात, मशीनला तो प्रोग्राम असतो. साध्या पाण्याने दाणे बऱ्यापैकी निघून जातात पण किडे बरेचसे वाचतात आणि परत सुरू. मुलांचं सॉफ्ट टॉय गरम पाण्यात खराब होतं, ते पिशवीत घालून दिवसभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग धुवा, नुसतं गोठवून उपयोग नाही.

गादी धुता येत नाही, तिला सगळीकडून बंद होणारं, चेनवालं माइट-प्रूफ कव्हर घाला. दाणे जड असतात, खोली शांत असली की खाली बसतात आणि गादी झटकली की उडतात, त्यामुळे दमेकरी माणसाने झटकायचं काम दुसऱ्याला द्यावं. आणि हे सगळं केलं म्हणून इन्हेलर स्वतःच्या मनाने बंद करू नका.